अदत्त भाडे नामधारी की व्यक्तिगत? नफ्यात सोळा हजारांचा फरक कसा?

कच्चा_खर्डा
अकरावी कॉमर्स, मराठी माध्यम, सांगली. क्लासमध्ये दिलेलं उदाहरण असं आहे. गणपती पेठेत हळद-मसाल्याचं दुकान, भाडं दरमहा ८,००० रुपये. एप्रिल ते फेब्रुवारी अकरा महिन्यांचं भाडं रोख दिलं, म्हणजे भाडे खात्याला ८८,००० नावे. मार्चचं भाडं ३१ मार्चला द्यायचं राहिलं. त्याची रोजकीर्द नोंद करा.

मी अशी केली:

अदत्त भाडे खाते … नावे ८,०००
  भाडे खात्याला … ८,०००

माझं कारण असं, की भाडे हे नामधारी खाते आहे, म्हणून अदत्त भाडेही नामधारी. नियम सांगतो, खर्च व तोटे नावे. मग दुसऱ्या बाजूला उरलं भाडे खाते, ते जमा केलं. तेरीज जुळली. ताळेबंदही जुळला, अदत्त भाडे मालमत्तेच्या बाजूला घेतलं. पण उत्तरातला निव्वळ नफा माझ्यापेक्षा बरोबर १६,००० ने कमी आहे. तेरीज जुळते तर चूक कुठे?

बागणीकर
सोन्याचे नियम सोड मित्रा, ते जुने झाले. आधुनिक पद्धत धर. नावे म्हणजे वाढ, जमा म्हणजे घट. एवढं लक्षात ठेवलं की व्यक्तिगत-वास्तविक-नामधारी असलं काही पाठ करायला लागत नाही. भाडं वाढलं, भाडे खाते नावे. झालं.

तेरीज
बागणीकर, भाडे खाते नावे हे बरोबर. पण ‘नावे म्हणजे वाढ’ हे निम्मंच खरं आहे, आणि इथे नेमकं दुसरं निम्मं लागतं. त्याच्याकडे नंतर येतो.

कच्चा_खर्डा, आधी १६,००० चा हिशेब बघ. वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं, म्हणजे ९६,०००. दुकान मार्चमध्येही वापरलं, पैसे दिले की नाही हा वेगळा प्रश्न. म्हणजे ८८,००० मध्ये ८,००० मिळवायचे होते. तू ते भाडे खात्याला जमा केलेस, म्हणजे वजा केलेस, आणि भाडं ८०,००० वर आलं. ९६,००० आणि ८०,००० यांतला फरक सोळा हजार. नोंद उलटी झाली की फरक नेहमी रकमेच्या दुप्पट येतो. परीक्षेत उत्तर चुकलं तर फरकाला दोनने भाग. एखाद्या समायोजनाची रक्कम समोर आली तर तीच नोंद उलटी झाली असण्याचा संभव मोठा.

तेरीज जुळली कारण नावे ८,००० आणि जमा ८,००० दोन्ही आहेत. कोणत्या खात्याला कोणती बाजू गेली हे तेरजेला कळत नाही.

आता मूळ चूक. तुझ्याच लिहिण्यात ती दिसते. अदत्त भाड्याला तू नामधारी म्हणालास आणि लगेच ताळेबंदात नेलंस. नामधारी खातं ताळेबंदात जात नाही. ते ३१ मार्चला नफा-तोटा खात्यात बंद होतं, १ एप्रिलला त्याची शिल्लक शून्य. जे खातं शिल्लक घेऊन पुढच्या वर्षात जातं ते व्यक्तिगत तरी असतं किंवा वास्तविक तरी. खात्याचं नाव काय आहे ते बघू नकोस, ३१ मार्चनंतर ते जिवंत राहतं का ते बघ.

मार्चचं राहिलेलं भाडं १ एप्रिलला पुसलं जातं का? नाही. जागेचा मालक दारात येतोच. म्हणजे ‘अदत्त भाडे’ हे भाड्याचं खातं नाही, ते मालकाचं खातं आहे, फक्त त्याच्या नावाऐवजी कारण लिहिलंय. म्हणून ते व्यक्तिगत. मालकाने जागा वापरायला दिली, तो देणारा. देणाऱ्याचं खातं जमा.

भाडे खाते … नावे ८,०००
  अदत्त भाडे खात्याला … ८,०००
(मार्च महिन्याचे भाडे देणे राहिल्याबद्दल)

कच्चा_खर्डा
म्हणजे ‘अदत्त’ लागलं की नामधारीचं व्यक्तिगत होतं? आणि ‘पूर्वदत्त’ला पण तेच का?

तेरीज
हो. पूर्वदत्त विमा म्हणजे विमा कंपनीकडे तुझं येणं, तिने अजून सेवा द्यायची आहे. कंपनी घेणारी, म्हणून नावे. ‘अदत्त’, ‘पूर्वदत्त’, ‘येणे’, ‘आगाऊ मिळालेले’ असा शब्द खर्चाला किंवा उत्पन्नाला चिकटला की त्यामागे माणूस किंवा संस्था उभी आहे असं समज. ते कोण, आणि त्याने दिलंय की घेतलंय, एवढं विचारलं की बाजू ठरते.

याच नोंदीची पुढची चूक एप्रिलमध्ये होते. मार्चचं भाडं ५ एप्रिलला दिलं की बरेच जण सवयीने भाडे खाते नावे, रोख जमा करतात. मग नव्या वर्षात भाडं तेरा महिन्यांचं, १,०४,००० दिसतं आणि अदत्त भाड्याचे ८,००० ताळेबंदात तसेच लटकत राहतात. तिथे अदत्त भाडे खाते नावे आणि रोख जमा करायचं. मालक आता घेणारा झाला.

पेठेतला_मुनीम
पोराची चूक होण्यामागं आणखी एक कारण असू शकतं. घरात कुणी देशी रोजमेळ लिहीत असेल तर त्यात जमा डावीकडं आणि नावे उजवीकडं. पुस्तकात नावे डावीकडं. बाजू बघून शिकलेला माणूस इथं हमखास गडबडतो.

आणि एक. आमच्याकडं पहिला नियम हाच. माणसानं दिलं, त्याच्या नावानं जमा. माणसानं घेतलं, त्याच्या नावे टाक. बाकी सगळं त्यावरून निघतं.

बागणीकर
पण मग रोजमेळात पैसे आले की जमा म्हणतात आणि पुस्तकात पैसे आले की रोख खाते नावे. हे उलट नाही का? यामुळेच म्हणतो, जुनं सोडा.

तेरीज
उलट नाही. तासगावच्या व्यापाऱ्याने ५,००० आणून दिले. रोजमेळात डाव्या बाजूला लिहिलं जातं, ‘जमा, अमुक व्यापारी, ५,०००’. ते रोखीच्या खात्याचं वर्णन नाही, व्यापाऱ्याच्या खात्याचं आहे. त्याने दिलं, त्याला जमा. पुस्तकातल्या रोकड वहीत तीच रक्कम त्याच डाव्या बाजूला येते, पण ती बाजू रोख खात्याची नावे बाजू असते. रक्कम एकच, जागाही एकच, फक्त खातं कुणाचं वाचतोय ते बदललं. दोन्हींत व्यापारी जमाच होतो.

मिरज_मसाला
माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथेच विचारते. घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे, वही स्वतः लिहिते. मुलाची कॉलेज फी ६,००० गल्ल्यातून भरली. मी ‘शिक्षण फी खाते नावे, रोख जमा’ केलं, कारण फी हा खर्चच आहे. शिवाय दीड हजाराचा मसाला, आमच्या किमतीने, घरी वापरायला घेतला, त्याची नोंदच केली नाही. आणि बँकेत पैसे भरले की माझ्या वहीत बँक नावे, पण पासबुकात तीच रक्कम जमा दिसते. कुणाचं खरं?

तेरीज
पासबुक आधी, कारण तो सोपा आहे. दोन्ही खरं. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. तिच्या वहीत तुम्ही देणारे, म्हणून तुम्ही जमा. तुमच्या वहीत बँक घेणारी, म्हणून बँक नावे. तुमच्या वहीतली बँकेची नावे शिल्लक आणि पासबुकातली जमा शिल्लक रकमेने सारखी यायला हवी, न वठलेले धनादेश वगैरे सोडून.

फी हा खर्च आहे, पण व्यवसायाचा नाही. व्यवसायाच्या नजरेने मालकीण पैसे घेणारी. उचल खाते नावे ६,०००, रोख जमा. उचल हे मालकाचं व्यक्तिगत खातं आहे आणि वर्षाअखेर ते भांडवलातून वजा होतं, नफ्यातून नाही. तुमच्या नोंदीने नफा ६,००० ने कमी दिसला.

मसाल्यासाठी उचल खाते नावे १,५००, खरेदी खाते जमा १,५००. विक्री जमा करू नका, कारण विकलेला नाही, आणि रक्कम आपल्या किमतीची, विक्रीच्या दराची नाही. नोंद न केल्याने तो माल विकलेल्या मालाच्या खर्चात मिसळला आणि मार्जिन कमी भासलं.

बागणीकर
उचल नावे? पण आधुनिक पद्धतीत भांडवल घटलं ना? घट म्हणजे जमा व्हायला पाहिजे.

तेरीज
इथेच ते दुसरं निम्मं लागतं. नावे म्हणजे सरसकट वाढ असतं तर कर्ज वाढलं तरी नावे झालं असतं. आधुनिक पद्धतीचा पाया एकाच ओळीत आहे:

मालमत्ता + खर्च + उचल = देणी + भांडवल + उत्पन्न

डाव्या बाजूच्या खात्यांत वाढ झाली तर नावे, घट झाली तर जमा. उजव्या बाजूच्या खात्यांत वाढ जमा, घट नावे. भांडवल उजवीकडचं, ते घटलं म्हणून नावे. उचल डावीकडची, ती वाढली म्हणूनही नावे. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येतं.

कच्चा_खर्डाच्या प्रश्नाला हेच लाव. भाडं हा खर्च, वाढला, नावे. जागेच्या मालकाचं देणं वाढलं, देणी उजवीकडे, म्हणून जमा. इथे ‘नामधारी की व्यक्तिगत’ हा प्रश्नच उठत नाही. नवशिक्याला समायोजनांत आधुनिक पद्धत सोपी जाते ती याचमुळे. खात्याच्या नावात ‘भाडे’ आहे की ‘मालक’, याने काही बिघडत नाही.

कच्चा_खर्डा
मग परीक्षेपुरते सोन्याचे नियम पाठ करून बाकी सगळीकडे आधुनिकच वापरू का? आणखी कुठे फरक पडतो?

तेरीज
दोन ठिकाणी ठळक पडतो. पहिलं घसारा. हळद पॉलिश करायचं यंत्र १,२०,००० चं, दरसाल सरळ रेषेने १० टक्के, म्हणजे १२,०००. घसारा खाते नावे, यंत्र खाते जमा. नामधारीचा नियम घसाऱ्याला नीट लागतो, खर्च नावे. पण यंत्राला ‘जे जाते ते जमा’ लावताना मुलं अडतात, कारण यंत्र तर जागेवर आहे! कुठे गेलं? मग ‘किंमत गेली’ असं समजून घ्यावं लागतं. आधुनिक पद्धतीत ओढाताण नाही. मालमत्तेची किंमत घटली, जमा.

दुसरं बुडीत कर्ज. व्यापाऱ्याकडे २५,००० येणं. त्याने १५,००० दिले, बाकीचे बुडाले.

रोख खाते … नावे १५,०००
बुडीत कर्ज खाते … नावे १०,०००
  व्यापाऱ्याच्या खात्याला … २५,०००

‘देणाऱ्याचं खातं जमा’ म्हणालो तर त्याने दिले फक्त पंधरा हजार. मग जमा पंचवीस कसे? नियमाचं सरळ वाचन इथे पुरत नाही. आधुनिक पद्धतीने आपलं येणं ही मालमत्ता, ती २५,००० वरून शून्य झाली, म्हणून २५,००० जमा.

खरी परीक्षा दोन वर्षांनी होते. तोच व्यापारी ४,००० आणून देतो. सोन्याचा नियम पटकन म्हणतो, माणसाने दिलं, त्याला जमा. तसं केलं तर त्याच्या खात्यावर ४,००० ची जमा शिल्लक उभी राहते, जणू आपणच त्याचं देणं लागतो. त्याचं खातं तर आधीच शून्य आहे, त्यातून आणखी काय घटणार? म्हणून रोख नावे आणि बुडीत कर्ज वसुली खाते जमा, ते उत्पन्न. ऋणकोंच्या यादीत एखाद्या जुन्या बुडव्याची जमा शिल्लक दिसली तर आधी ही चूक शोधायची.

पेठेतला_मुनीम
ओ तेरीज, सगळं माप आधुनिकच्या पारड्यात टाकू नका की. दुकानदारानं मालकाला ५०,००० डिपॉझिट दिलं. नवीन पोरं ते खर्चात टाकतात, कारण पैसे गेले ते भाड्याच्या जागेसाठी गेले. आमचा नियम विचारतो, घेतलं कुणी? मालकानं. त्याच्या नावे. विषय संपला.

तसंच गिऱ्हाईकानं १०,००० ॲडव्हान्स दिला, माल पुढच्या महिन्यात. आधुनिकवाला पोरगा म्हणतो, पैसे आले म्हणजे उत्पन्न, विक्रीला जमा. आमच्यात गिऱ्हाईक देणारा, त्याला जमा. माल दिला की मग विक्री.

तेरीज
हे मान्य, आणि पूर्ण मान्य. आधुनिक पद्धतीत वाढ-घट ओळखणं सोपं, पण त्याआधी हे मालमत्ता की खर्च, देणं की उत्पन्न, हे ठरवावं लागतं. नवशिका तिथेच घसरतो. समोर माणूस दिसत असेल, म्हणजे उधारी, डिपॉझिट, ॲडव्हान्स, बँक, तर देणारा-घेणारा हा नियम बहुतेक वेळा लवकर पोचवतो. समोर माणूस नसेल, नुसती किंमत किंवा काळ सरकला असेल, म्हणजे घसारा, तरतूद, वर्षाअखेरची समायोजनं, तर आधुनिक.

टॅली_शिकाऊ
मी टॅली शिकतोय. टॅलीत सोन्याचे नियम कुठे सेट करतात? F7 मध्ये जर्नल टाकताना विचारतच नाही. आमच्या प्रॅक्टिस कंपनीत वरचीच ८,००० ची नोंद केली, बाजू बरोबर घेतल्या, तरी नफा ८,००० ने जास्त आलाय.

तेरीज
टॅलीत ते नियम सेट करायची जागाच नाही. टॅली लेजर उघडताना फक्त ग्रुप विचारते. तयार ग्रुप २८ आहेत, त्यांतले १५ प्राथमिक आणि १३ उपग्रुप. प्रत्येक ग्रुप शेवटी ताळेबंदात तरी जातो किंवा नफा-तोट्यात तरी. म्हणजे वर्गीकरण आधुनिक पद्धतीचंच झालं.

तू अदत्त भाड्याचं लेजर `Indirect Expenses` खाली उघडलं असणार. नफा-तोट्यात जाऊन खर्चाची यादी उघड. भाडं ९६,००० आणि त्याखाली अदत्त भाडे उणे ८,००० दिसेल, एकूण ८८,०००. खर्चाच्या यादीत उणे आकडा दिसला की ग्रुप चुकलाय असा संशय घ्यायचा. लेजर अल्टरमध्ये जाऊन ग्रुप `Provisions` किंवा `Current Liabilities` कर. व्हाउचरला हात लावायची गरज नाही, नफा आपोआप ८,००० ने उतरेल.

बघ, कच्चा_खर्डाने हातवहीत बाजू चुकवली, म्हणून फरक दुप्पट. तुझी बाजू बरोबर होती, घर चुकलं, म्हणून फरक एकपट.

टॅली_शिकाऊ
हो, उणे ८,००० होतं. ग्रुप बदलला, आता जुळलं.

मिरज_मसाला
उचलीच्या दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या. पण एक अडलं. मसाला घरी घेतला तेव्हा खरेदी खाते जमा सांगितलंत. खरेदी खातं मग कोणतं? माल येतो म्हणून वास्तविक, की खर्च म्हणून नामधारी?

पेठेतला_मुनीम
वास्तविक. माल आला नावे, माल गेला जमा. मसाला घरी गेला म्हणूनच तर तुम्ही खरेदी जमा केली. खर्च म्हणायचा तर मसाला घरी नेला तेव्हा कुठला खर्च कमी झाला?

तेरीज
मी नामधारी म्हणेन. मघाचीच कसोटी लावा. खरेदी खातं ३१ मार्चला व्यापार खात्यात बंद होतं, पुढच्या वर्षात जात नाही. पुढे जाते ती अखेरची शिल्लक, मालसाठ्याच्या खात्यात. आणि खर्च कमी होतोच. दीड हजाराचा माल धंद्यासाठी घेतलेला राहिला नाही, तेवढी खरेदी उतरली.

पेठेतला_मुनीम
बंद होण्यावरून जात ठरवायची असेल तर उचल खातंही भांडवलात बंद होतं, तेही पुढच्या वर्षात जात नाही. मग तेही नामधारी म्हणणार का?

तेरीज
मुद्दा बिनतोड आहे. मी वर म्हणालो होतो की शिल्लक पुढे नेणारं खातं व्यक्तिगत किंवा वास्तविक असतं. त्याचं उलट, म्हणजे पुढे न जाणारं प्रत्येक खातं नामधारी, हे मात्र उचलीपाशी मोडतं. नफा-तोट्यात किंवा व्यापार खात्यात बंद होतं ते नामधारी, एवढं आवळून घेतो. खरेदीबद्दल माझं मत तेच.

पेठेतला_मुनीम
आणि माझं माझं. नोंद दोघांची सारखीच येते, त्यामुळं पोराचे मार्क जाणार नाहीत. फक्त प्रकार विचारला तर त्यानं आपल्या सरांना विचारून घ्यावं.

कच्चा_खर्डा
सर वास्तविक सांगतात आणि माझ्याकडच्या गाईडमध्ये नामधारी छापलंय. उद्या विचारतो.

भाड्याचं पुन्हा सोडवलं. भाडं ९६,०००, अदत्त भाडे देण्यांच्या बाजूला ८,०००, नफा उत्तराशी जुळला. त्याच गणितात ‘कमिशन आगाऊ मिळाले ३,०००’ असं समायोजन होतं. ते मी कमिशन खाते नावे, आगाऊ मिळालेले कमिशन जमा असं केलंय. ज्याने दिलं तो माणूस देणारा म्हणून जमा. पण कमिशन हे उत्पन्न असून नावे केलं, ते बरोबर आहे का?

बागणीकर
याचं मी सांगतो. उत्पन्न उजव्या बाजूचं. ते तीन हजारांनी घटलं, कारण तेवढं पुढच्या वर्षाचं. उजवीकडची घट म्हणजे नावे. बरोबर आहे.